दहा, पाच आणि पंधरा टक्के तोंडी कसे काढायचे: दुकानात नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

बार्शीहून पुण्यात आले आणि लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात कामाला लागले त्याला आता अडीच वर्षं झाली. लागले ती नेमकी आषाढ सेलच्या तोंडावर, म्हणजे बाहेर बोर्ड, आत गर्दी आणि प्रत्येक रॅकला वेगळा टक्का. कॉटनला १०, काठपदराला १५, ड्रेस मटेरियलला ५. कॉम्प्युटर आहे, तो बिल बरोबरच काढतो, पण तो खाली काउंटरला. गिऱ्हाईक मात्र गादीवर बसल्या बसल्याच विचारतं, "ही किती पडेल हो?" आणि तिथे आपण मोबाईल काढून बोटं दाबत बसलो की तेवढ्यात समोरच्या ताईंचा हात दुसऱ्या साडीवर गेलेला असतो, किंवा त्या "बघते जरा फिरून" म्हणून उठतात.

माझ्याकडून पहिल्याच आठवड्यात एक चूक झाली ती सांगते, कारण हा सगळा लेख त्यातूनच निघालाय. लग्नाच्या मानपानाच्या साड्या घ्यायला एक कुटुंब आलेलं, सहा साड्या झाल्या, बेरीज १२,६००. त्या रॅकच्या बोर्डावर लिहिलेलं १०% + ५%. मी म्हटलं म्हणजे १५ टक्के झाले की, १,८९० वजा, तुम्हाला १०,७१० पडतील. ते खूश होऊन खाली गेले आणि कॉम्प्युटरने बिल काढलं १०,७७३. त्रेसष्ट रुपयांचा फरक, पण त्या मावशी मला वर येऊन म्हणाल्या, "अगं तू सांगितलंस एक आणि लावलं दुसरं." त्रेसष्ट रुपयांसाठी नाही, फसवल्यासारखं वाटलं म्हणून त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला ते फार लागलं.

आमच्याकडे एक काका आहेत, आयुष्य याच रस्त्यावर गेलंय त्यांचं. संध्याकाळी साड्यांच्या घड्या घालताना त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "पोरी, टक्के कशाला काढत बसतेस, दहावा हिस्सा काढ, त्याची निमकी म्हण, नाहीतर दिडकी म्हण. संपलं." निमकी, दिडकी हे शब्द मी आजोबांच्या तोंडून ऐकलेले, त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घ्यायचे. आम्हाला शाळेत ते कोणी शिकवले नाहीत. पण १०, ५ आणि १५ टक्क्यांना त्यातले दोनच लागतात. खाली सगळं त्या क्रमाने लिहितेय ज्या क्रमाने मला जमत गेलं.

काय काय लागेल

घरातली जुनी बिलं दहाबारा, कुठलीही चालतील, किराण्याची, कपड्यांची, मेडिकलची. एक पेन, फक्त उत्तर लिहायला, हिशोब करायला नाही. आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर, पण तो उत्तर तपासायला, आधी उघडायचा नाही. पाढ्यांमध्ये १ ते ९ चं निम्मं आणि १ ते ९ चं दीडपट एवढं तोंडपाठ पाहिजे, ते पुढे देतेच.

१. दहा टक्के: आकडा बघू नका, ऐका

दहा टक्के म्हणजे दहावा हिस्सा हे सगळ्यांना माहीत असतं आणि "शेवटचा शून्य उडवायचा" हेही. पण शून्य उडवायची सवय लागली की दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक म्हणजे शेवटी शून्य नसेल तर माणूस अडकतो, १,८४७ चे दहा टक्के किती? आणि दुसरं म्हणजे मधला शून्य चुकून उडतो, २,०४० चे लोक चोवीस म्हणून मोकळे होतात, ते २०४ असतात.

त्यापेक्षा सोपं हे, की रक्कम मनात मराठीत म्हणा आणि प्रत्येक तुकडा एक पायरी खाली उतरवा. लाखाचे दहा हजार होतात, हजाराचे शंभर होतात, शंभराचे दहा होतात, दहाचा एक होतो आणि एका रुपयाचे दहा पैसे होतात. दोन हजार चाळीस म्हणा: दोन हजाराचे दोनशे, चाळीसचे चार, दोनशे चार. शून्याचा प्रश्नच आला नाही. एक हजार आठशे सत्तेचाळीस म्हणा: शंभर, ऐंशी, आणि सत्तेचाळीसचे चार रुपये सत्तर पैसे, म्हणजे १८४ रुपये ७० पैसे.

आणि आपल्या भाषेत तर याहून सोपी सोय आहे, जी मला काकांनी दाखवली तेव्हा मी अक्षरशः हसले. आपण अडीच हजार म्हणतो, साडेसात हजार म्हणतो, पावणेदोन हजार म्हणतो. तर त्यातला "हजार" काढा आणि "शे" लावा, झाले दहा टक्के. अडीच हजाराचे अडीचशे. साडेसात हजाराचे साडेसातशे. पावणेदोन हजाराचे पावणेदोनशे. काही मोजायचंच नाही, शब्दाचं शेपूट तेवढं बदललं. मोठ्या रकमेतही हेच, तीन लाखाचे तीस हजार, सव्वा लाखाचे साडेबारा हजार.

एक जपायचं, साडेबाराशे वगैरे म्हणताना. साडेबाराशे म्हणजे १,२५०, त्याचे दहा टक्के सव्वाशे. इथे "शे" आधीच लागलेला आहे, म्हणून तो उतरून दहावर येतो, साडेबारा वेळा दहा. घाईत काहीजण साडेबाराशेला साडेबारा हजार धरतात आणि एकदम बाराशे पन्नास सांगून टाकतात. उत्तर मूळ रकमेच्या बरोबरीला आलं तर लगेच कळायला हवं की पायरी उतरलीच नाही.

पहिला पूर्ण आठवडा फक्त दहा टक्केच काढा असं मी सांगेन. मी रोज सकाळी बसने यायचे तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटचे चार आकडे घ्यायचे आणि त्याचा दहावा हिस्सा मनात म्हणायचे, सिग्नल सुटायच्या आत. स्वारगेट ते मंडई एवढ्यात वीसपंचवीस गाड्या सहज होतात. बाकी सगळं या एका आकड्यावर उभं आहे, हा डळमळला की पुढचं सगळंच डळमळतं.

२. पाच टक्के: दहाचं निम्मं, किंवा निम्म्याचे दहा

पाच टक्के म्हणजे दहा टक्क्यांचं निम्मं. काकांच्या भाषेत निमकी. १,६८० चे दहा टक्के १६८, त्याचं निम्मं ८४.

निम्मं करताना लोक कुठे अडतात तर रकमेत विषम अंक आला की. ३७४ चं निम्मं पटकन येत नाही. तेव्हा आकडा फोडा, तीनशेचं निम्मं दीडशे, चौऱ्याहत्तरचं निम्मं सदतीस, एकशे सत्त्याऐंशी. एकाचं निम्मं अर्धा, तीनचं दीड, पाचचं अडीच, सातचं साडेतीन, नऊचं साडेचार, एवढंच पाठ पाहिजे, सम आकडे आपोआप येतात. आणि तेच शंभराला लावायचं, सातशेचं निम्मं साडेतीनशे, नऊशेचं साडेचारशे.

दुसरी गोष्ट अशी की क्रम उलटा केला तरी चालतो आणि कधीकधी तोच सोपा जातो. आधी रकमेचं निम्मं करा, मग दहावा हिस्सा. ८६० असेल तर निम्मं ४३०, दहावा ४३. ८६ चं निम्मं करा नाहीतर ८६० चं करा, एकच. पण ७,३०० सारखी रक्कम असली तर मला आधी दहावा काढणं बरं पडतं, ७३०, निम्मं ३६५. रक्कम ऐकल्यावर जे आधी सुचेल ते करा, बदलत बसू नका.

तपासायला "शंभरी पाच" म्हणायचं. दर शंभराला पाच रुपये. १,६८० मध्ये सोळा शंभर आहेत, सोळा पंचे ऐंशी, वरच्या ऐंशी रुपयांचे चार, ८४. जुळलं.

पाच टक्क्यांचा सराव करायला हॉटेलचं बिल छान असतं. जिथे पाच टक्के जीएसटी लागतो तिथे बिलावर तो दोन ओळींत येतो, सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच. ६४० चं खाणं झालं तर दहावा ६४, निम्मं ३२, आणि त्याचं निम्मं १६. बिलावर १६ आणि १६ छापलेलं दिसलं की आपलं बरोबर. मैत्रिणींबरोबर गेले की बिल यायच्या आत मी हे करून ठेवते.

३. पंधरा टक्के: दिडकी

इथे दोन रस्ते आहेत. दोन्ही एकच आहेत खरंतर, पण डोकं वेगळं चालतं.

पहिला, बेरजेचा. दहा टक्के काढा, त्याचं निम्मं काढा, दोन्ही मिळवा. ६,४८० चे दहा टक्के ६४८, निम्मं ३२४, बेरीज ९७२. हा शिकायला सोपा. पण यात एक धोका असा की पहिला आकडा डोक्यात धरून ठेवायचा, दुसरा काढायचा आणि मग बेरीज करायची, मध्ये गिऱ्हाईकाने "याच्यात मोरपंखी आहे का" विचारलं की पहिला आकडा गेला. म्हणून बेरीज नेहमी डावीकडून करा, मोठ्या आकड्यापासून. सहाशे आणि तीनशे नऊशे, मग अठ्ठेचाळीस आणि चोवीस बहात्तर. शाळेसारखं उजवीकडून हातचा घेत गेलं की हातचाच विसरतो आणि चूक थेट शंभराची होते. डावीकडून केलं तर विसरलं तरी रुपयांची चूक होते, शंभराची नाही.

दुसरा रस्ता दिडकीचा, आणि मला आता हाच जास्त आवडतो. दहा टक्क्यांचा आकडा आला की त्याची सरळ दीडपट म्हणायची. त्याला पाठांतर एवढंच:

एकाची दीड, दोनची तीन, तीनची साडेचार, चारची सहा, पाचची साडेसात, सहाची नऊ, सातची साडेदहा, आठची बारा, नवाची साडेतेरा.

आता ६४८ घ्या. सहाशेची नऊशे, चाळीसची साठ, आठची बारा. नऊशे साठ आणि बारा, ९७२. आधीचा आकडा धरून ठेवायला लागत नाही, म्हणत म्हणत पुढे जायचं आणि बेरीज वाढत जाते. आणि ज्या रकमा आपण अडीच हजार, साडेतीन हजार अशा बोलतो तिथे तर फार मजा येते. अडीच हजाराचे दहा टक्के अडीचशे, पाच टक्के सव्वाशे, पंधरा टक्के पावणेचारशे. साडेतीन हजाराचे साडेतीनशे, पावणेदोनशे, सव्वापाचशे. आमच्या दुकानात अशा रकमा दिवसातून पन्नास वेळा येतात, महिन्याभरात त्या तोंडातच बसतात, डोक्याला त्रासच नाही.

तपासायला इथेही "शंभरी पंधरा". हजाराला दीडशे. ६,४८० म्हणजे साडेसहा हजाराच्या जरा आत, साडेसहा दीडशे म्हणजे ९७५, तर उत्तर ९७५ च्या जरा खाली पाहिजे. ९७२ आलंय, ठीक. समजा ८७२ आलं असतं तर इथेच कळलं असतं की शंभर कुठेतरी सांडले.

४. सूट सांगायची नाही, पडेल ते सांगायचं

गिऱ्हाईकाला सूट किती यात रस कमी असतो, खिशातून किती जाणार ते हवं असतं. त्यामुळे शेवटी वजाबाकी येतेच आणि माझ्या अनुभवात टक्के बरोबर काढून वजाबाकीत चुकणारेच जास्त.

८,७४५ ची साडी, १५ टक्के. दहा टक्के ८७४ रुपये ५० पैसे. दिडकी म्हणा: आठशेची बाराशे, सत्तरची एकशे पाच, साडेचारची पावणेसात. बाराशे, तेराशे पाच, तेराशे अकरा रुपये पंचाहत्तर पैसे. आता ८,७४५ मधून १,३११.७५ एकदम वजा करायला जाऊ नका. आधी तेराशे काढा, राहिले ७,४४५. मग पावणेबारा काढा, राहिले ७,४३३ रुपये २५ पैसे. गादीवर बोलताना मी "साधारण चौऱ्याहत्तरशे पस्तीस" सांगते, म्हणजे एकदोन रुपये जास्तच. खाली बिल त्याहून कमी आलं तर कोणी भांडत नाही, वर आलं तर मात्र माणूस दुखावतो. अंदाज सांगताना पडणारी रक्कम नेहमी वरच्या बाजूला धरा, हे काकांनी पहिल्या दिवशीच सांगितलेलं.

५. १०% + ५% म्हणजे १५% नाही

आता माझे ते त्रेसष्ट रुपये. बोर्डावर मध्ये अधिकचं चिन्ह असतं म्हणून सगळे त्याची बेरीज करतात, गिऱ्हाईकही करतं आणि आपणही. पण दुकानात त्याचा अर्थ असा धरतात की आधी दहा टक्के कमी करायचे आणि जी रक्कम उरली तिच्यावर पाच टक्के.

१२,६०० वर करून बघा. दहा टक्के १,२६०, उरले ११,३४०. आता पाच टक्के या ११,३४० चे, म्हणजे ५६७, मूळ १२,६०० चे नाही. उरले १०,७७३. मी पाच टक्के मूळ रकमेचे धरले, ६३०, म्हणून माझं उत्तर १०,७१० आलं.

फरक कुठून येतो ते एकदा नीट समजलं की कायमचं लक्षात राहतं. जे १,२६० रुपये पहिल्या झटक्यात कमी झाले त्यांच्यावरची पाच टक्के सूट तुम्हाला मिळत नाही, कारण ते रुपये आता बिलात नाहीतच. १,२६० चे पाच टक्के ६३. तोच फरक. म्हणून पटकन करायचं असेल तर सरळ १५ टक्के काढा आणि पडणाऱ्या रकमेत दहा टक्क्यांचे पाच टक्के परत मिळवा. १०,७१० आणि ६३, १०,७७३. एकूण सूट साडेचौदा टक्के बसते, दर हजाराला पाच रुपये कमी. रक्कम दोन हजाराची असेल तर दहाचा फरक, कोणी बघत नाही. बारा हजाराला जाणवतो. लग्नाच्या साठ हजाराच्या खरेदीला तीनशे होतात.

आणखी एक, आधी पाच आणि मग दहा केले तरी उत्तर तेच येतं. गिऱ्हाईक कधीकधी म्हणतं "आधी पाच कमी करा मग दहा करा, आम्हाला फायदा होईल", त्यात कोणाचाच फायदा तोटा नाही, हवं तसं करून दाखवा.

६. ९९ वाले स्टिकर

१,४९९, २,९९९, ७९५ असे स्टिकर आले की नवीन मुलं घाबरतात. वर ओढा. १,४९९ ला १,५०० धरा, दीड हजाराचे १५ टक्के सव्वादोनशे, पडेल १,२७५. एक रुपया जास्त धरला त्याने सूट फक्त पंधरा पैशांनी चुकली, पडणारी रक्कम पंचाऐंशी पैशांनी.

किती गोल केलं तर किती चुकतं हे मी असं लक्षात ठेवते: १५ टक्क्यांना दहा रुपये इकडेतिकडे धरले तर सूट दीड रुपया चुकते, शंभर इकडेतिकडे धरले तर पंधरा. म्हणून हजाराच्या आत दहापर्यंत गोल करा, बिनधास्त. पाच-सहा हजाराला शंभरपर्यंत गोल केलं तर ते "अंदाजे" असं तोंडाने म्हणा. फक्त खाली ओढू नका, २,८९० ला अठ्ठावीसशे धरणारे मी पाहिलेत, नव्वद रुपये सोडून दिले तर पडणारी रक्कम साडेशहात्तर रुपयांनी कमी सांगितली जाते आणि मग खाली काउंटरला तोच प्रसंग.

७. उलटा हिशोब या पद्धतीने करू नका

कधीतरी विचारतात, "सूट जाऊन १,७०० ला दिलीत ना १५ टक्क्यांत, मग मूळ किंमत किती होती?" इथे १,७०० चे पंधरा टक्के काढून मिळवले तर १,९५५ येतात आणि ते चूक आहे. मूळ किंमत २,००० होती. पंधरा टक्के दोन हजाराचे काढलेले, ३०० कमी झाले, आता १,७०० चे पंधरा टक्के २५५ च होणार, तीनशे कुठून येतील.

तसंच १,०५० च्या बिलात पाच टक्के कर धरलेला असेल तर तो साडेबावन्न नसतो, पन्नास असतो, कारण तो हजारावर लागलाय. त्याला रक्कम एकवीसने भागावी लागते. असा प्रश्न आला की मी सरळ कॅल्क्युलेटर काढते. दहावा, निमकी, दिडकी हे पुढे जायला आहे, मागे यायला नाही.

८. एक पूर्ण बिल

गेल्या महिन्यातलं सांगते. एक ताई आणि त्यांच्या सासूबाई, तीन वस्तू काढल्या. काठपदर ४,८६० ला, त्यावर १५ टक्के. कॉटन साडी २,२७५, त्यावर १०. ड्रेस मटेरियल १,३९०, त्यावर ५. सासूबाईंनी विचारलं, "सगळं मिळून किती ते सांग आधी, मग बाकीचं बघू."

काठपदर: दहावा ४८६. दिडकी, चारशेची सहाशे, ऐंशीची एकशे वीस, सहाची नऊ, ७२९. कॉटन: दहावा २२७ रुपये ५० पैसे, तेवढीच सूट. ड्रेस: दहावा १३९, निम्मं साडेएकोणसत्तर. तिन्ही सूट मिळवल्या, सातशे एकोणतीस आणि दोनशे साडेसत्तावीस झाले नऊशे साडेछप्पन्न, त्यात साडेएकोणसत्तर, १,०२६.

तीन वस्तूंची बेरीज ८,५२५. त्यातून हजार गेले, ७,५२५, सव्वीस गेले, ७,४९९.

एवढं सांगायच्या आधी मी एकदा दुसऱ्या बाजूने तपासते, आणि जेव्हा वेगवेगळे टक्के एका बिलात येतात तेव्हा ही युक्ती फार कामाची आहे. सगळ्या बिलावर दहा टक्के आहेत असं धरायचं: ८,५२५ चे ८५२ रुपये ५० पैसे. मग जिथे पंधरा आहेत तिथे पाच टक्के वर द्यायचे, काठपदराचे २४३. जिथे पाचच आहेत तिथे पाच टक्के परत घ्यायचे, ड्रेसचे साडेएकोणसत्तर. आठशे साडेबावन्न आणि दोनशे त्रेचाळीस, एक हजार साडेपंच्याण्णव, त्यातून साडेएकोणसत्तर गेले, १,०२६. दोन्ही रस्त्यांनी तोच आकडा आला तेव्हा मी तोंड उघडलं.

"साडेसात हजाराला एक रुपया कमी," मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "कागदावर लिहून दे बघू." मी स्टिकरच्या मागे ७,४९९ लिहून दिलं. त्या तो कागद हातात धरूनच खाली काउंटरला गेल्या, आणि बिलावरही ७,४९९ च आलं.